गरम झाली की करंट गायब: एका १०० सीसी गाडीच्या कामाच्या नोंदी

१४ नोव्हेंबर २०२४

गाडी १०० सीसीची, एक सिलिंडर, कार्ब्युरेटर, किक आणि सेल्फ दोन्ही, डीसी सीडीआय, म्हणजे ठिणगी सोडणारा बॅटरीवरचा डबा. रोज कामावर ये-जा करणारी. मालकाची तक्रार त्याच्याच शब्दांत: "सकाळी पहिल्या किकला चालू होते. पंधरा-वीस किलोमीटर चालवून कुठे दहा मिनिटं थांबलो की मग कितीही किक मारा, हूं की चूं नाही. अर्ध्या-पाऊण तासाने आपली आपण चालू होते." जोडीला दुसरी तक्रार, जी तो जाता जाता बोलला: चढाला गिअरमध्ये जोर दिला की अधूनमधून मिसिंग.

आधीच्या मेकॅनिकने प्लग बदलला, कार्ब्युरेटर दोनदा खोलून साफ केला, शेवटी सीडीआय नवा घातला. फरक शून्य. जुना सीडीआय मालकाने जपून ठेवलाय, हे बरं केलं.

मी विचारलं, ढकलून चालू होते का? म्हणाला, "कधी होते, कधी नाही." हे उत्तर लिहून ठेवतोय. ढकलताना क्रँक किकपेक्षा वेगाने फिरतो, आणि पल्सर कॉइलचा, म्हणजे सीडीआयला ठिणगीचा इशारा देणाऱ्या छोट्या कॉइलचा, व्होल्टेज वेगाबरोबर वाढतो. गरम गाडी किकला अजिबात दाद देत नाही पण ढकलल्यावर कधीकधी देते, म्हणजे कुठेतरी सिग्नल कमी पडतोय, असा वास येतो. पुरावा मात्र हा नव्हे. पेट्रोल जास्त झालं असेल तरी ढकलून गाडी चालू होऊ शकते.

आजचं काम एवढंच: थंड गाडीची सगळी मापं घेऊन ठेवणं. गरम झाल्यावर जे मोजायचंय ते कशाशी ताडून बघायचं, हे आधी हातात पाहिजे.

बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.७. सीडीआयला येणारा पुरवठा बॅटरीइतकाच. टॅपेट थंड इंजिनवर पुस्तकातल्या मापात. पल्सर कॉइल, सीडीआयचा कनेक्टर काढून, निळ्या-पिवळ्या आणि हिरव्या-पांढऱ्या वायरमध्ये १२२ ओहम; खोलीत २५ अंश. इग्निशन कॉइलचा प्रायमरी ०.३ ओहम (मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा करून). सेकंडरी, प्लग कॅपसकट: २८ किलोओहम, आणि कॅप हाताने वळवली की आकडा २४ ते ३५ मध्ये नाचतो.

पल्सर निर्दोष दिसतोय आणि कॅप दोषी. पहिलं मला पटत नाही, दुसरं पटतंय.

१५ नोव्हेंबर २०२४

आधी कॅप आणि कॉइल, कारण तिथला दोष थंड असतानाही दिसतोय.

कॅप पिळून काढली. वायरच्या टोकाला तांब्याचे तंतू हिरवे-काळे पडलेले, त्यातले निम्मे तुटलेले. कॅप एकटी मोजली: तिच्यावर ५ किलोओहम छापलंय, मीटर दाखवतोय १९ आणि स्थिर नाही. कॅपशिवाय कॉइलचा सेकंडरी ३.९ किलोओहम, अगदी जिथे असायला हवा तिथे.

ठिणगी बघायला प्लग हेडवर टेकवून किक मारण्याची पद्धत मी वापरत नाही. उघड्या हवेत प्लगच्या ०.७ मिमी गॅपवरून उडी मारायला फार थोडा व्होल्टेज लागतो. तीच उडी सिलिंडरच्या दाबात मारायला त्याच्या कितीतरी पट लागतो. अर्धमेली कॉइलसुद्धा बाहेर छान निळी ठिणगी दाखवते आणि आत पडते. म्हणून सरकवता येणारा स्पार्क टेस्टर: दोन टोकं, मधलं अंतर मिलिमीटरमध्ये बदलता येतं, एक टोक इंजिनच्या अर्थला घट्ट क्लिपने. चांगल्या कॉइलने किकवर निदान ६ मिमी ओलांडले पाहिजेत. ही ४ मिमीवर अडते, आणि ठिणगी बारीक, नारिंगी. ५ मिमीला पाच किकांत एखादी उडते.

टेस्टर वापरताना एक गोष्ट कायम: कॉइलपासून प्लगकडे जाणारी एचटी वायर अधांतरी ठेवून किक मारायची नाही. ठिणगीला जायला वाट नसली की व्होल्टेज चढतच जातो आणि कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढतो.

तसंच काहीसं इथे आधीच झालंय. कॅप आतून तुटत आली होती, आणि तरी गाडी महिनोन्‌महिने चालत होती. खोली काळोखी करून किक मारली तेव्हा दिसलं: एचटी वायर कॉइलमध्ये जिथे शिरते तिथून कॉइलच्या लोखंडी पट्ट्यांपर्यंत निळी रेघ, केसाएवढी. पाण्याचा हलका फवारा मारल्यावर तीच रेघ जाड झाली आणि टेस्टरची ठिणगी बंदच पडली. उजेडात तिथे भिंग धरलं तर प्लॅस्टिकवर काळसर, फांद्या फुटलेली वाट. एकदा कोळशाची अशी वाट पडली की पुसून जात नाही, ती प्लॅस्टिकच्या अंगातच जळून बसलेली असते. सँडपेपर मारून वर सिलिकॉन फासण्याचे उद्योग मी पाहिलेत; पहिल्या पावसापर्यंत टिकतात.

ओहममीटरने ही कॉइल पास केली होती हे मुद्दाम लिहितो. मीटर दीड-दोन व्होल्टवर मोजतो. हजारो व्होल्टला गळणारी वाट त्याला दिसणारच नाही. कॉइलचे आतले काही वेढे एकमेकांना चिकटले असतील तरी तेच: सेकंडरीच्या हजारो वेढ्यांतले थोडे कमी झाले तर ३.९ चा ३.८ होईल, पण ठिणगी निम्मी होईल. मीटर वायर तुटलेली पकडतो. इन्सुलेशनचं तपासायला टेस्टर आणि अंधार.

नवी कॉइल, नवी ५ किलोओहमची कॅप. एचटी वायरचं टोक ताजं कापून कॅप शेवटपर्यंत पिळून बसवली, ओढून बघितली. कॉइलच्या माउंटिंग बोल्टखालचा रंग खरवडला, कारण प्रायमरी आणि सेकंडरी दोघांचंही एक टोक तिथूनच अर्थ होतं. आता ७ मिमी, निळी-पांढरी, तडतड आवाज.

मालकाला चालवायला दिली. संध्याकाळी फोन: "चढावरचं मिसिंग गेलं. पण गरम झाल्यावर तसंच."

बरं झालं. दोन दोष वेगळे झाले. अशक्त ठिणगीचा हिशोब कॅप-कॉइलने चुकता केला. गरम झाल्यावर ठिणगी *नसण्याचा* बाकी आहे.

१७ नोव्हेंबर २०२४

गाडी स्वतः चालवून गरम केली. टूलबॉक्स बरोबर, कारण हा दोष पकडायचा तर गाडी आजारी असतानाच पकडायचा. घरी आणून, सीट काढून, हत्यारं शोधेपर्यंत ती बरी होते.

इंजिनच्या डाव्या कव्हरला, आत पल्सर जिथे बसतो त्याच्या समोर, मीटरचा थर्मोकपल, तापमान मोजणारी तार, टेपने चिकटवला होता. चालवताना ६८ ते ७२ अंश. थांबून इंजिन बंद केलं आणि आकडा *चढायला* लागला: तीन मिनिटांत ७९, आठ मिनिटांत ८८. मग हळूहळू उतार. मालकाचं "दहा मिनिटं थांबलो की" इथे नेमकं बसतं. चालत्या गाडीला वारा लागतो. थांबली की सिलिंडरची उष्णता क्रँककेसमधून कव्हरमध्ये उतरते आणि पल्सर चालताना होता त्याहून जास्त तापतो. म्हणून ही गाडी चालता चालता बंद पडत नाही, बंद केली की चालू होत नाही.

८६ अंशाला किक मारली. काही नाही. सेल्फ, काही नाही.

पहिलं काम, इतर दोन संशयित बाजूला काढणं. किकचा दाब थंड असताना होता तसाच पायाला जाणवतोय, म्हणजे एक्झॉस्टचा टॅपेट तापून व्हॉल्व्ह उघडा ठेवत नाहीये. प्लग काढला: टोक किंचित ओलं, पेट्रोलचा वास. पेट्रोल येतंय, जळत नाहीये. टाकीचं झाकण उघडून परत किक मारली, बदल नाही. टेस्टर लावला, ६ मिमीला नाही, ३ ला नाही, १ ला नाही. दोन दिवसांपूर्वी नारिंगी का होईना पण होती. आता ठिणगीच नाही.

अशक्त ठिणगी आणि ठिणगीच नसणं, ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ठिणगी कमजोर असेल तर करंट तयार होतोय पण प्लगपर्यंत पोचेस्तोवर गळतोय: कॉइल, एचटी वायर, कॅप, अर्थ. अजिबात नसेल तर बहुतेक वेळा सीडीआयला "आता सोड" असं कोणी सांगतच नाहीये, किंवा सीडीआयला पुरवठा नाही. अपवाद असतातच, कॅप पूर्ण तुटली तरी ठिणगी शून्य होते. म्हणून पुढचं माप.

कॉइलच्या प्रायमरीवर पीक व्होल्टेज. डीसी सीडीआय आतल्या आत बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून एक कपॅसिटर शेदोनशे व्होल्टच्या वर चार्ज करून ठेवतो, आणि पल्सरचा इशारा आला की तो साठा एका झटक्यात कॉइलच्या प्रायमरीत ओततो. हा झटका इतका आखूड असतो की साधा मीटर तो धरू शकत नाही. त्यासाठी डायोड आणि कपॅसिटरचा छोटा अडॅप्टर केलाय: १००० व्होल्टचा डायोड, मागे ६३० व्होल्टचा ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्यावर २ मेगाओहमचा रेझिस्टर, म्हणजे साठा सावकाश उतरतो. डायोडची दिशा उलटी लागली तर आकडा येत नाही, तेव्हा फिरवून बघायचा. आणि मोजताना हात लांब. हा करंट चावतो.

थंड असताना याच गाडीत मला १८० व्होल्ट मिळाले होते. कंपनीच्या पुस्तकांत या जातीच्या गाड्यांना निदान १०० लिहिलेलं असतं. आता: शून्य. म्हणजे नवी कॉइल निर्दोष. तिला काही मिळतच नाहीये.

सीडीआयचा पुरवठा: १२.४ व्होल्ट, सेल्फवर १०.५. आहे.

राहिले दोघं, सीडीआय आणि पल्सर. इथे पेन्सिल सेलची युक्ती. पल्सरचा कनेक्टर सुटा केला, सीडीआयच्या ट्रिगरच्या पिनला १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून दीड व्होल्टच्या सेलचं धन टोक क्षणभर टेकवलं, ऋण टोक अर्थला, चावी चालू, टेस्टर जागेवर. टेकवताच तड्क. परत टेकवलं, परत तड्क. ७ मिमी, निळी. सगळे डिजिटल सीडीआय अशा एकट्या टोचणीला दाद देत नाहीत, तेव्हा ठिणगी आली नाही तर निष्कर्ष काढू नये. पण आली तर मोठा निकाल हातात येतो: पुरवठा, सीडीआय, कॉइल, वायर, कॅप, सगळे एका फटक्यात सुटले. गाडी अजून आजारीच होती, कव्हर ८४ अंश.

आता पल्सर एकटाच पिंजऱ्यात.

छोटा स्कोप पल्सरच्या दोन वायरींवर लावला, कनेक्टर सुटाच. किक: क्रँकबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटवरचा उंचवटा समोरून गेला की एक टोक वर, लगेच एक खाली. वरचं टोक २.० व्होल्ट. थंड असताना याच पद्धतीने २.१ होतं. म्हणजे पल्सर ठणठणीत?

कनेक्टर परत जोडला आणि पिनांच्या मागून टोचून मोजलं. किक. ०.३ व्होल्ट.

थंड असताना जोडलेल्या स्थितीत १.८ मिळाले होते. इथे सगळा खेळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो. स्कोपच्या आत १० मेगाओहम बसलेले आहेत, तो पल्सरकडून जवळजवळ काहीच करंट मागत नाही. त्यामुळे पल्सरच्या वाटेत काही हजार ओहमचा अडथळा आला तरी स्कोपला पूर्ण व्होल्टेज दिसतो. सीडीआय मात्र करंट मागतो. थंड असताना १२२ ओहमच्या कॉइलने २.१ चे १.८ होतात, यावरून सीडीआयचा आतला रोध साधारण ७३० ओहम निघतो. आता २.० चे ०.३ व्हायला वाटेत चार हजारांच्या आसपास ओहम यायला हवेत. कनेक्टर काढून लगेच मीटर लावला: ३.८ किलोओहम, ४.४, ४.१, थरथरतोय.

हिशोब जुळला. ०.३ व्होल्टला सीडीआय ढिम्म हलत नाही. ढकलून क्रँक वेगाने फिरला की तेच ०.३ वाढतात आणि एखाद्या वेळी उंबरठा ओलांडतात. "कधी होते, कधी नाही" याचं उत्तर मिळालं.

पाऊण तासाने कव्हर ५० च्या खाली आलं. मीटरवर १३० ओहम. पहिली किक, गाडी चालू.

१८ नोव्हेंबर २०२४

कव्हर खोललं. या गाडीत मॅग्नेट कोरडा आहे, ऑइल नाही, गॅस्केटची कटकट नाही. पल्सर मॅग्नेटच्या बाहेर, दोन स्क्रूंवर. मॅग्नेट ओढायची गरज पडत नाही. काढण्याआधी पल्सर आणि मॅग्नेटमधला गॅप मोजून घेतला, पितळी फिलर गेजने. स्टीलची पट्टी पल्सरच्या चुंबकाला चिकटते आणि हाताला खोटं माप लागतं. ०.७ मिमी, उंचवट्यावर घासल्याच्या खुणा नाहीत.

बाकावर पल्सर क्लिपांमध्ये धरला, थर्मोकपल अंगाला बांधला, मीटर जोडला आणि हॉट एअर गन दुरून, हळू. घाई केली तर वरचं प्लॅस्टिक १५० ला आणि आतली तार ६० ला, मग तापमानाच्या आकड्याला अर्थ राहत नाही. पाच-पाच अंशांवर थांबत गेलो.

तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, दर १० अंशांना साधारण ४ टक्के:

`R = 122 × (1 + 0.00385 × (T − 25))`

(२५ अंशांपासून मोजायचं म्हणून ०.००३८५, २० पासून धरलं तर ०.००३९३.) म्हणजे ६० अंशांना साधारण १३८, ८० ला १४८, १०० ला १५७ यायला हवेत. हे माहीत नसलं की गरम पल्सरवर १५० वाचून माणूस म्हणतो, वाढला, खराब झाला. १५० तर चांगल्या पल्सरलाही यायलाच पाहिजेत. न वाढता १२२ वरच राहिला असता तर मी थर्मोकपलवर संशय घेतला असता.

४० ला १२९. ५० ला १३४. ६० ला १३८. ७० ला १४३. सगळं रेषेवर. ७७ च्या पुढे आकडा थरथरायला लागला: १४८, १६१, १५२. ८१ ला ९०० ओहम. ८३ ला ३.५ किलोओहम. मग चार-पाच किलोच्या आसपास घुटमळला, आणि ९२ ला `OL`, म्हणजे वाट पूर्ण तुटलेली.

गन बंद. ८४ वर परत किलोओहममध्ये आला, ७५ च्या खाली उतरल्यावर १४५, आणि मग शहाण्यासारखा रेषेवरून खाली १२२ पर्यंत.

तापता असताना वायर धरून हलकेच ओढली, तर आकडा उडाला. थंड असताना तीच वायर कितीही वाकवली, पिळली, ओढली तरी १२२ हलत नाही. दोष वायरच्या आत नाही. वायर जिथे पल्सरच्या अंगात शिरते तिथे.

नवा पल्सर आणला. गाडीत बसवण्याआधी त्यालाही बाकावर भाजला. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि मी ते आता सोडत नाही, कारण नवा भाग चांगलाच असतो या समजुतीवरच आधीच्या मेकॅनिकने सीडीआय बदलला होता. नवा २५ अंशांना १३०, ११० अंशांना १७२. रेषेवर, एकदाही थरथर नाही.

बसवताना गॅप परत ०.७. स्क्रूंना थ्रेडलॉकचा एक थेंब. वायर क्लिपखाली दाबली, मॅग्नेटपासून लांब. ती सुटली तर मॅग्नेट तिला सोलून काढतो. रबरी ग्रोमेट जुना कडक झाला होता, नव्याबरोबर आलेलाच वापरला.

१९ नोव्हेंबर २०२४

गाडी पहिल्या किकला चालू झाली, तरी टायमिंग बघितल्याशिवाय पाठवायची नव्हती. बाजारातल्या पल्सरमध्ये दोन वायरींची अदलाबदल झालेली असू शकते. तसं झालं तर वर-खाली येणारी टोकं उलटी होतात, सीडीआय चुकीच्या टोकावर ठिणगी सोडतो आणि टायमिंग उंचवट्याच्या रुंदीइतकं सरकतं. गाडी चालू होते, म्हणून कोणाला संशय येत नाही. नंतर ओढत नाही, तापते किंवा किक उलटी मारते.

स्कोपवर: आधी वरचं टोक, मग खालचं, जुन्यासारखंच. टायमिंग लाइटने आयडलिंगला मॅग्नेटवरची ठिणगीच्या वेळेची एफ खूण खाचेसमोर उभी. रेस वाढवली की खूण पुढे सरकते. ठीक.

मग चालवून गरम केली, थांबवली, थर्मोकपल तिथेच. ८८ अंश, आठ मिनिटं झालेली. किक: चालू. बंद. सेल्फ: चालू. चिंधीने कव्हर झाकून वारा अडवला आणि ९४ पर्यंत जाऊ दिली. चालू.

मालकाने विचारलं, जुना सीडीआय परत घालू का, नवा जपून ठेवतो. घालून बघितला. ८७ अंशांना पहिल्या किकला चालू. जुना सीडीआय पहिल्यापासून निर्दोष होता.

२३ नोव्हेंबर २०२४

जुना पल्सर फोडला. मागचं काळं एपॉक्सी गनने मऊ करून टोकदार चिमट्याने थोडं थोडं उचकटलं. आत केसासारखी बारीक इनॅमल तार, तिचं टोक एका पितळी पिनेला गुंडाळून सोल्डरचा डाग दिलेला, आणि त्याच पिनेला बाहेरची जाड वायर. भिंगाखाली डागाभोवती गोल काळी रेघ: तार डागात बसलीय पण डागाने तिला धरलेलं नाही. बाजूचं एपॉक्सी तापून फुगलं की तारेला पिनेपासून ओढतं, थंड झालं की परत टेकवतं. मधल्या अवस्थेत टेकते पण काळ्या थरातून, तेच ते चार किलोओहम.

सुईने टोचून तार पिनेवर दाबली: १२२. सोडली आणि गन लावली: `OL`. कॉइलचे वेढे शेवटपर्यंत शाबूत आहेत. नवा डाग देऊन हा पल्सर चालेलही. पण एपॉक्सी परत तितकं घट्ट भरता येत नाही आणि इंजिनची थरथर तो डाग पुन्हा सोडवेल. बाकावर सीडीआय तपासायला ठेवून दिला.

एका मित्राने विचारलं, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हे असंच दिसेल का. पल्सरचं तत्त्व तेच, फक्त सिग्नल ईसीयूला जातो. तिथे सिग्नल गेला की ठिणगीबरोबर इंजेक्टरही बंद होतो, त्यामुळे प्लग कोरडा निघेल आणि माणूस पेट्रोल पंपाच्या मागे लागेल. या गाडीत प्लग ओला होता म्हणून ती वाट लगेच बंद झाली. शिवाय तिथे कॉइलचा प्रायमरी काही ओहमचा असतो, आणि ट्रिगरला सेल टेकवायची युक्ती ईसीयूवर अजिबात करायची नाही.

८ डिसेंबर २०२४

मालक ऑइल बदलायला आला. गरम गाडी अंगणात बंद केली, बोलत उभा राहिला, आणि निघताना सेल्फ मारून गेला. मधल्या काळात एकदाही अडली नाही म्हणाला. मिसिंग नाही.

या गाडीची मापं, पुढे कोणी हात घालेल त्याच्यासाठी, सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली: पल्सर २५ अंशांना १३० ओहम, ८८ ला १६१. किकवर पल्स, सीडीआय जोडलेला असताना, थंड १.८ व्होल्ट, गरम १.७. प्रायमरीवर पीक १८० व्होल्ट, थंड आणि गरम दोन्ही. कॉइल सेकंडरी कॅपसकट ८.९ किलोओहम. टेस्टरवर ७ मिमी. पल्सरचा गॅप ०.७ मिमी.